तांबं मोडलं म्हणून...

कडेगावला ताबुतांच्या भेटी बघायला गेलो होतो. संध्याकाळी घरी सगळे जमले आणि विषय निघाला तो नेहमीचाच. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक गलाईवाला सापडतो. माझा चुलतभाऊही तामिळनाडूत गलाईचंच काम करतो. तेजाबात विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी टाकली की चांदी तळाला बसते आणि तांबं पाण्यात उतरतं, हे त्याने मला लहानपणीच दाखवलं होतं. तेव्हा तांब्यावर त्याचा विश्वास असणं मी समजू शकतो. :)

पण त्याचं एक पालुपद मला मान्य नाही. "तांबं मोडलं की कारखाने मंदावले समज. मग निफ्टी बी मोडणार."

मी म्हटलं, "दादा, २०१६ आठव."

जानेवारी २०१६ मध्ये तांब्याचा चार्ट बघून दादाने पोरीच्या शिक्षणासाठी साठवलेली इंडेक्स फंडाची सगळी युनिट्स विकली. निफ्टी तेव्हा ७४००च्या आसपास होता. फेब्रुवारीअखेर तो सात हजारांच्या खाली गेला आणि दादा दीड महिना ताठ मानेने वावरला. २०१७ संपताना निफ्टी साडेदहा हजारांवर होता. दादा परत बाजारात शिरलाच नाही.

आता तो चार्ट नीट बघू. फेब्रुवारी २०११ मध्ये लंडनला तांबं टनाला दहा हजार डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये साधारण ४४००. म्हणजे निम्म्याहून खाली. त्याच काळात निफ्टी साडेपाच हजारांच्या आतून ७४००वर आला, आणि मधे मार्च २०१५ मध्ये नऊ हजारांना शिवून आला. पाच वर्षं तांबं "मंदी, मंदी" ओरडत होतं आणि बाजार भलतीकडेच चालला होता!

का? एक तर जगातलं निम्म्याहून जास्त शुद्ध तांबं एकटा चीन वापरतो. त्यामुळे हा चार्ट मुख्यतः तिथल्या इमारतींचा आणि वीजतारांचा. निफ्टीत सगळ्यात जास्त वजन बँका-वित्त कंपन्यांचं, त्यामागे सॉफ्टवेअर वगैरे. दुसरं म्हणजे भाव नुसत्या मागणीने पडत नाही. तेजीत काढायला घेतलेल्या खाणी त्याच वर्षांत माल देऊ लागल्या होत्या, आणि डॉलरही वधारला होता. पंपाची मोटर भरणाऱ्या आपल्या माणसाला तर स्वस्त तांबं बरंच की!

शिवाय दादा बघतो तो चार्ट रुपयातला. गंमत बघा. २०११ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या थोडा वर, म्हणजे दहा हजार डॉलर टन म्हणजे किलोला साधारण ४५५ रुपये. २०१६ मध्ये डॉलर साडेसदुसष्ट, म्हणजे ४४०० डॉलर टन म्हणजे सुमारे २९७ रुपये. (शुल्क वगैरे सोडून द्या.) डॉलरमधली घसरण ५६ टक्के, रुपयातली ३५. मग कारखान्यांची मागणी नक्की किती घटली म्हणायची? उरलेला फरक रुपयाचा आहे, कारखान्यांचा नाही.

आणखी ताजं उदाहरण ३० जुलै २०२५चं. न्यूयॉर्कला तांबं एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त कोसळलं. कारण एवढंच, की अमेरिकेने आयातकर लावताना शुद्ध तांब्याला वगळलं, आणि कराच्या भीतीने तिथे भरून ठेवलेला माल उघडा पडला. लंडनचा भाव त्या मानाने जागेवरच. दुसऱ्या दिवशी निफ्टी एक टक्काही पडला नाही.

दादाची बाजूही सांगतो, नाहीतर तो फोन करेल. सगळं जग एकदम घाबरतं तेव्हा दोन्ही बरोबर पडतात, आणि तांबं थोडं आधी सावरतं. २००८च्या डिसेंबरात तांब्याने तळ गाठला, सेन्सेक्सचा शेवटचा तळ मार्च २००९चा. २०१६लाही तांबं जानेवारीतच वळलं. पण वरच्या टोकाला उलटं झालं होतं. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्येच उतरू लागला, तांबं मात्र जुलैपर्यंत चढत होतं. त्यावर विसंबलेला माणूस सहा महिने उशिरा जागा झाला असता.

बघायचंच असेल तर भावासोबत लंडनच्या गोदामांतला साठा बघावा, आणि रोखीचा भाव तीन महिन्यांच्या भावापेक्षा वर आहे की खाली तेही. भाव पडतोय, साठा वाढतोय आणि रोखीचा माल स्वस्त आहे, तर माल खरंच जास्त झालाय. भाव पडतोय पण साठा आटतोय, तर ते डॉलरचं किंवा सट्ट्याचं काम असू शकतं. चीनमधली गोदामं मात्र या आकड्यात येत नाहीत, तेव्हा इथेही जपूनच.

हे सगळं सांगितल्यावर दादा म्हणाला, "मग आता घेऊ का पुन्हा?"

वहिनी आतून म्हणाली, "आधी जेवायला बसा."