गोळीआधी वजन, गोळीनंतर आडवे

पावसाच्या तोंडाशी पत्र्याखालचे जळण हलवताना, विटांचा ढीग उपसताना किंवा रात्री अंथरूण टाकताना विंचू निघतो. मोठ्या माणसाला नांगी मारली तर तो ओरडतो, शिव्या घालतो आणि बहुधा सकाळपर्यंत बरा होतो. दोन-तीन वर्षांच्या लेकराचे तसे नसते. अंग छोटे असल्याने तेवढ्याच विषाचा भार त्याच्यावर कितीतरी जास्त पडतो. त्यातही आपल्याकडचा लाल विंचू आकाराने लहान असला तरी काळ्या मोठ्या इंगळीपेक्षा घातक आहे.

या विषावर चालणारे औषध आहे आणि ते स्वस्तही आहे. त्याचे नाव प्राझोसिन. मुळात ही रक्तदाबाची गोळी. विंचवावर तिचा उपयोग जगापुढे आला तो आपल्याच कोकणातून. चवदार तळ्याचे महाड आपल्या घराघरात माहीत आहे. त्याच महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते. डोळ्यांदेखत मुले दगावत होती. प्राझोसिन दिल्यावर ती वाचू लागली, आणि हा अनुभव त्यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आज ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते. ती मिळते की नाही, हा पहिला प्रश्न. पण माझे मत असे की दुसरा प्रश्नही तितकाच मोठा आहे: ती किती दिली, आणि दिल्यावर मुलाला कसे ठेवले?

आधी ही गोळी कोणाला द्यायची ते पाहू. नुसती आग होते, दुखते, मूल रडते, पण घाम नाही, उलटी नाही आणि हातपाय उबदार आहेत, अशा मुलाला प्राझोसिन लागत नाही. ‘खबरदारी म्हणून देऊन टाका’ हा हट्ट धरू नये. दुखण्यावर डॉक्टर वेगळे औषध देतात आणि काही तास मुलाला नजरेखाली ठेवतात. गंभीर दंश वेगळा ओळखू येतो. मूल घामाने चिंब होते, पुन्हा पुन्हा ओकते, तोंडाला लाळ सुटते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडते. मुलगा असेल तर त्याची लघवीची जागा ताठ राहते. हे सांगायला आया लाजतात, पण डॉक्टरांना तेवढ्यावरूनही निदान होते. अशा मुलाला चावल्या जागी दुखणे मात्र कमी असू शकते. ‘रडायचे थांबले, म्हणजे विंचू उतरला’ असे म्हणणारे शेजारी इथेच फसतात. पुढे खोकला, धाप आणि तोंडाला गुलाबी फेस आला, तर फुप्फुसांत पाणी भरू लागले असे समजावे.

हे का होते? विषामुळे नसा भडकतात आणि अंगातले ताणाचे रस एकदम रक्तात सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलताना छोटे हृदय दमते आणि मागे फुप्फुसांत पाणी साठते. प्राझोसिन या आवळलेल्या नळ्या सैल करते. हृदयावरचा भार उतरतो. औषधाचे काम एवढेच, आणि त्याचा धोकाही इथूनच येतो.

नळ्या सैल झाल्या की रक्तदाब खाली येतो. पहिल्या मात्रेला शरीर अजून सरावलेले नसते, म्हणून तो एकदम कोसळू शकतो. साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतचा काळ जास्त जपायचा. मूल आडवे असेल तर मेंदूला रक्त पोचत राहते. उभे केले, तर रक्त पायांकडे उतरते आणि मूल डोळे फिरवून लुळे पडते. त्यात उलट्या आणि घामाने अंगातले पाणी आधीच गेलेले असेल, तर घसरण आणखी मोठी. म्हणून डॉक्टर गोळीआधी मूल सुकले आहे का ते पाहतात आणि गरजेप्रमाणे पाणी भरून काढतात. त्या वेळी ‘आधी गोळी द्या, सलाईन कशाला’ अशी घाई करू नये.

इथे आपल्या लोकांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मूल उभे करणे म्हणजे जमिनीवर उभे करणे एवढेच नाही. रडणाऱ्या लेकराला आपण उचलतो, खांद्यावर टाकतो, कडेवर घेऊन व्हरांड्यात फिरतो. तेही उभेच झाले. अंगावर पाजायला मांडीत ताठ बसवणे तसेच. आईच्या हातांना न उचलणे जमत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आईनेच त्याच्याशेजारी आडवे व्हावे, कुशीवर पाजावे. लघवीलाही उठवू नये, खाली कपडा घालावा. निदान पहिले तीन तास हे पाळावे. या काळात नाडी, श्वास आणि रक्तदाब दर अर्ध्या तासाने तपासायचे असतात. कोणी फिरकले नाही, तर सिस्टरला हाक मारून बोलवावे. मूल एकाएकी लुळे किंवा पांढरेफटक पडले, तर उचलून पळू नका. सपाट ठेवा, पाय थोडे वर करा आणि मोठ्याने हाक मारा.

आता मात्रा. लहान मुलाला एका वेळी दर किलो वजनामागे 30 मायक्रोग्रॅम प्राझोसिन तोंडाने देतात. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. साधी गोळी एक मिलिग्रॅमची येते, म्हणजे तिच्यात 1000 मायक्रोग्रॅम औषध असते.

समजा मुलगी तीन वर्षांची आहे आणि काट्यावर तिचे वजन 10 किलो भरले. दहा गुणिले तीस म्हणजे 300 मायक्रोग्रॅम. अख्ख्या गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एवढा तुकडा नखाने मोडून नेमका निघत नाही. म्हणून दवाखान्यात गोळी बारीक करून मोजलेल्या 10 मिलिलिटर पाण्यात कालवतात, चांगली हलवतात आणि लगेच सिरिंजने त्यातले 3 मिलिलिटर तोंडात देतात. उरलेले फेकून देतात.

याच मुलीला काट्यावर घातलेच नाही आणि ‘तीन वर्षांची म्हणजे चौदा किलो’ असे धरले, तर मात्रा 420 मायक्रोग्रॅम होते. अर्धी गोळी दिली तर 500. सुदृढ, चौदा किलोच्या मुलाला 420 बरोबर आहे. पण आपल्या वस्तीतली किती मुले वयाप्रमाणे भरतात? अंगणवाडीच्या तक्त्यात हिरव्या पट्ट्याखाली असलेल्या लेकरासाठी वयावरून धरलेला अंदाज नेहमी वरच जातो. पहिली मात्रा, अंगात पाणी कमी, आणि वर औषध जवळपास दीडपट. म्हणून वजनाचा आग्रह हा शिष्टाचार नव्हे. मूल उभे राहू शकत नसेल, तर काट्यावर कुशीत घेऊन आईचे आणि मग एकट्या आईचे वजन करावे आणि वजाबाकी करावी. हे गोळीआधीच उरकायचे, कारण नंतर त्याला उचलायचे नाही. काटा बंद असेल तर अंगणवाडीच्या कार्डावरचे शेवटचे वजन सांगावे. ते कार्ड पिशवीत टाकूनच दवाखान्याकडे निघावे.

गोळीच्या प्रकारातही एक मेख आहे. मेडिकलवर प्राझोसिन मागितले की पुष्कळदा अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची, नावापुढे इंग्रजीत ‘एक्सएल’ अक्षरे असलेली गोळी हाती येते. ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. मुलाला ती अख्खी देणे चूक, आणि मोडून किंवा कुटून देणे त्याहून चूक. दिवसभराचे औषध एकदम सुटते. विंचवाला साधीच गोळी लागते. आणि कोणतीही प्राझोसिन घरात आणून ठेवण्याची गोष्ट नाही. रक्तदाब मोजणारे यंत्र आणि ते वाचणारा माणूस शेजारी नसेल, तर ती देऊ नये. घरी करायचे ते एवढेच: वेळ लक्षात ठेवा, 108 ला फोन करा, मंत्र-झाडपाल्यात अर्धा तास घालवू नका. चावल्यापासून औषधापर्यंतचा वेळ जितका लांबतो, तितके मूल संकटात जाते.

यातून माझी एक ठाम मागणी निघते. आरोग्य केंद्राने गंभीर मुलाला पहिली मात्रा न देता तालुक्याला पाठवू नये, आणि दिल्यावर कागदाशिवायही पाठवू नये. चिठ्ठीवर मुलाचे वजन, दिलेली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये आणि घड्याळाची वेळ हवी. नाहीतर पुढच्या दवाखान्यात नवे डॉक्टर तीच ‘पहिली’ मात्रा पुन्हा देतात. साधारणपणे दुसरी मात्रा तीन तासांनी, मूल तपासून ठरते. त्यानंतर हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत दर सहा तासांनी. वाटेत मुलाने औषध ओकले, तर वेळ सांगा. पुन्हा द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. गाडीतही मूल स्ट्रेचरवर आडवेच असावे, आजीच्या खांद्यावर नको. ग्रामसभेत रस्त्या-गटारांबरोबर हेही विचारा: केंद्रात एक मिलिग्रॅमची साधी प्राझोसिन आहे का, चालू वजनकाटा आहे का, मुलाच्या हाताला बसेल असा रक्तदाबाचा छोटा पट्टा आहे का? मोठ्यांच्या पट्ट्याने मुलाचा दाब खरा कळत नाही.

विंचवाची लस, म्हणजे विषावरचे प्रतिविष, काही ठिकाणी मिळते. प्राझोसिनच्या जोडीला ती दिली तर मूल लवकर सावरते, हे महाडच्याच अभ्यासातून 2011 मध्ये पुढे आले. लस असली तर उत्तमच. पण ती शोधण्यात गोळी लांबवू नये.

सुधारणा पायांवरून कळते. तळवे उबदार होतात, घाम आटतो, हाताच्या शिरा पुन्हा दिसू लागतात. मघापासून निपचित पडलेले लेकरू ‘दुखतंय’ म्हणून चावल्या जागेकडे बोट दाखवते. तेव्हा घाबरू नका, ते बरे होण्याचेच चिन्ह असते. पण लगेच उचलूही नका. सिस्टरने दाब पाहिल्यावर आधी डोक्याखाली उशी, थोड्या वेळाने टेकून बसवणे, मग पुन्हा दाब, आणि तो टिकला तरच मांडीवर.