अठरावर लावलेला एसी आणि अबोला
सदर : कचेरीची हवा • भोरकर

भोरमधल्या एका पतसंस्थेत गेल्या उन्हाळ्यात दोन माणसांचं बोलणं बंद झालं. कर्जविभागातल्या ताई एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसायच्या. पश्चिमेच्या खिडकीजवळचे वसुली-क्लार्क भाऊ गळ्यात ओला रुमाल टाकून बसायचे. दोघं एकाच खोलीत होते आणि खोलीत एसीही एकच होता. भाऊ रिमोट अठरावर नेत, आणि ते चहाला गेले की ताई तो बंद करत. पुढे रिमोटच सापडेनासा झाला. तो फाइलींच्या कपाटावर निघाला, पण तिथे कुणी ठेवला ते कुणीच सांगितलं नाही. मग ‘साहेब, त्यांना सांगा’ या पद्धतीने निरोप जाऊ लागले.

पुण्यात असं भांडण झालं तर माणूस नोकरी बदलतो किंवा निदान मजला बदलतो. भोर-वेल्ह्यात तसं नसतं. ताईंची जाऊ भाऊंच्या मावसबहिणीची शेजारीण असते, आठवडेबाजारात गाठ पडते, लग्नात एकाच पंगतीत बसावं लागतं. एसीचा अबोला संध्याकाळी घरी पोचतो आणि भावकीच्या जुन्या खात्यावर जमा होतो. म्हणून तो लवकर मिटवायला हवा, आणि तो समजूत काढून मिटत नाही. ‘जरा ॲडजस्ट करून घ्या’ हे वाक्य ज्याला सांगितलं जातं त्याला ते हुकूम वाटतं आणि दुसऱ्याला विजय.

या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी एक साधी गोष्ट केली. चारेकशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणला आणि तो सकाळी अकरा, दुपारी एक आणि चार वाजता वेगवेगळ्या टेबलांवर ठेवला. रिमोटवर आकडा वीस होता. दुपारी चारला ताईंच्या टेबलावर साडेबावीस आणि भाऊंच्या टेबलावर अठ्ठावीसच्या वर! म्हणजे दोघंही खरं बोलत होते. तोवर सगळ्या कचेरीची खात्री होती की एक नाजूक आहे आणि दुसरा हट्टी.

असं का झालं ते कळायला स्प्लिट एसी कसा ठरवतो ते बघावं लागतं. तापमान मोजणारा सेन्सर सहसा भिंतीवरच्या युनिटमध्ये, हवा आत ओढली जाते त्या जागी असतो. तो तुमच्या टेबलाची हवा मोजत नाही, छताजवळून स्वतःकडे येणारी हवा मोजतो. आता या खोलीत मागच्या वर्षी साहेबांसाठी काचेचं पार्टिशन झालं होतं, एसीसमोर सहा फुटांवर. गार हवेचा झोत काचेवर आपटायचा, तिथूनच वर वळायचा आणि पुन्हा युनिटमध्ये शिरायचा. सेन्सरला वाटायचं, खोली गार झाली, की कॉम्प्रेसर थांबायचा. पार्टिशनच्या अलीकडे बसणाऱ्या ताईंच्या मानेवर झोत, पलीकडच्या भाऊंना नुसता आवाज, त्यात खिडकीतून मावळतीचं ऊन. भाऊंनी अठरा लावलं तेव्हा एसी जास्त जोराने गार करत नव्हता, फक्त थांबत नव्हता. त्याचा त्रास जिला आधीच थंडी वाजत होती तिलाच झाला.

हे बघायला यंत्रज्ञ बोलवावा लागला नाही. कचेरीत सकाळी गणपतीपुढे लावतात ती उदबत्ती स्टुलावर चढून एसीसमोर धरली. धूर सरळ गेला, काचेपाशी अडला आणि वळून परत आला. सगळ्यांनी पाहिलं. भांडणातला माणूस आकड्यावर शंका घेईल, पण डोळ्यांदेखत वळणाऱ्या धुरावर घेत नाही. माझ्या मते अबोला तिथेच निम्मा सुटला, कारण दोष दोघांच्या मधून उठून काचेवर गेला.

पुढची दुरुस्ती स्वस्त होती. पार्टिशनची वरची दीड फूट काच काढली. झडपा खाली न ठेवता आडव्या केल्या, म्हणजे हवा छतालगत लांब जाते आणि मग हळूहळू उतरते. स्विंग बंद केला, कारण दर काही सेकंदांनी मानेवर येणारा झोत सतत गार असण्यापेक्षा जास्त त्रास देतो. जाळी धुतली. धुळीने भरलेली जाळी हवा कोंडते आणि मग जवळच्याला गार, लांबच्याला काही नाही अशीच तक्रार येते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला. आतला पडदा डोळ्यांवरचं ऊन अडवतो, पण काच तापतेच आणि उष्णता खोलीतच उतरते. मग रिमोट सव्वीसवर आणि भाऊंच्या डोक्यावरचा पंखा मध्यम गतीवर. चार वाजता दोन टेबलांमधला फरक दोनेक अंशांवर आला.

सव्वीसच का, यावर खडाजंगी झाली. कुणीतरी सांगितलं की सरकारचा नियम चोवीसचा आहे. नियमात एवढंच आहे की १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी सुरू होताना आपोआप चोवीसवर असावेत. पुढे तुम्ही बदलू शकता, आणि प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं म्हणणं आहे. पण इथे वीज हा मुद्दा नव्हता. आकडा थंडी वाजणाऱ्याच्या बाजूने ठरवावा आणि उकडणाऱ्याला त्याच्या जागी पंखा द्यावा. उलटं करता येत नाही. हलती हवा एका माणसापुरती देता येते, ऊब एका टेबलापुरती देता येत नाही. स्वेटर हा उपाय खरा, पण एप्रिलमध्ये रोज स्वेटर घालून बसायला लावणं म्हणजे रोज हरल्याची आठवण करून देणं.

बायकांनाच थंडी का वाजते, ही कचेरीतली आवडती चेष्टा. मास्ट्रिख्टच्या दोन संशोधकांनी २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दाखवलं की इमारतींच्या आरामदायी तापमानाच्या मापदंडात शरीर किती उष्णता तयार करतं याचा जो आकडा धरला आहे, तो सुमारे चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाचा आहे. बसून हलकं काम करणाऱ्या तरुण बायकांत ती उष्णता त्याहून बरीच कमी निघाली. तरी मी ताईंच्या बाबतीत हे कारण पुढे केलं नसतं. टेबल मोजायच्या आधी शरीराचं कारण काढलं की काचेचं पार्टिशन सुटून जातं.

जुलैत दुसरीच गोष्ट. राजगड तालुक्यातून, म्हणजे आपल्या जुन्या वेल्ह्यातून, मार्गासनी-नसरापूरमार्गे दुचाकीवर येणारा शिपाई रेनकोट असूनही गुडघ्यापर्यंत भिजलेला असतो. ओला कपडा आणि चालू एसी मिळून चोवीस अंशांतही हुडहुडी भरते. त्या महिन्यांत त्रास उष्णतेचा नसतो, ओलीचा असतो. कागद दमट, खुर्च्यांना वास. सकाळचा पहिला तास एसी बंद, खिडक्या किलकिल्या, मग काही वेळ ड्राय मोडवर, असं या कचेरीने ठरवलं. आणि वेल्ह्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत एसी साहेबांच्या केबिनपुरताच. तिथे भांडण खिडकी उघडी की बंद यावर होतं, आणि उपाय हाच, आधी कुणाच्या टेबलावर पाऊस येतो ते बघायचं.

आता जागांचं. पार्टिशन कापताना व्यवस्थापकांना वाटलं, लगे हात टेबलंही हलवू. शनिवारी संध्याकाळी दोन टेबलं हलली. सोमवारी सकाळी ताई आल्या तर त्यांची खुर्ची दाराशी! त्या दिवशीचा राग एसीपेक्षा मोठा होता. जागा वाईट नव्हती. पण भांडण झाल्यावर लगेच एकाच माणसाची जागा बदलली तर कचेरी त्याला शिक्षाच म्हणते, कारण काहीही असो. व्यवस्थापकांनी टेबल परत जागेवर आणलं, आणि हे मला त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. मग आठ दिवस कागद भिंतीवर लावला: कुणाचं काम कुणाशी, कुणाकडे ग्राहक किती येतात, कुणाला पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास. आजारपण कागदावर लिहायला लावलं नाही, ते खासगीत विचारलं.

या बाबतीत महाराष्ट्राला जुना धडा आहे. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बैठक आणि दप्तर दोन्ही एकत्र बदललं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते पुढे राज्यभर गाजलं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की टेबल हलवायचं तर कागद कुठून कुठे जातो ते आधी बघावं. या पतसंस्थेत तसं बघितल्यावर निघालं की कर्जाचा अर्ज रोखपालाकडे दिवसातून अनेकदा जातो आणि वसुलीकडे क्वचितच. म्हणजे ताई आणि रोखपाल काकू शेजारी हव्यात. कारण माणसातून निघालं नाही, कागदातून निघालं, म्हणून ते ताईंनाही मानवलं. एक महिना करून बघायचं ठरलं आणि पुन्हा बैठक घ्यायची तारीखही लिहिली. तारीख नसलेली ‘तात्पुरती’ व्यवस्था कुणीच खरी मानत नाही.

राहिले पिग्मी एजंट. चौघांना मिळून एक टेबल. दिवसभर ते बाजारपेठेत असतात, त्यामुळे टेबल रिकामं दिसतं, आणि दुसरे त्यावर फाइली ठेवतात. संध्याकाळी साडेपाचला चौघे एकदम येतात, चिल्लर ओततात, आणि मग ‘माझं पावतीपुस्तक कुणी हलवलं’. इथे तापमानासारखं मोजायला काही नव्हतं, आणि प्रश्न पैशांचा असल्याने संशय झटकन चोरीवर जातो. म्हणून पहिला नियम असा झाला की रोकड त्या टेबलावर मोजायचीच नाही, रोखपालाच्या खिडकीत समोरासमोर मोजायची. प्रत्येकाला कुलुपाचा एक खण. दुसरी किल्ली बंद पाकिटात, पाकिटावर एजंटची सही, व्यवस्थापकांकडे. जाताना टेबल रिकामं, डबासुद्धा नाही. दिवसा त्यावर कुणाची फाइल दिसली तर ती व्यवस्थापकांकडे जाते, ज्याची त्याने तिथून मागून आणायची. हा नियम दोन वेळा लागल्यावर फाइली थांबल्या. एक एजंट मात्र अजून येऊन ‘आमचं टेबल’ म्हणतो आणि बाकीचे तिघे हसतात.

ताई आणि भाऊंचं बोलणं सुरू झालं ते नव्या जागांचा महिना संपल्यावरच्या बैठकीत. एसीच्या आडव्या झडपा हलू नयेत म्हणून चिकटवलेली पट्टी कुणीतरी काढली, यावर दोघांनी एकाच सुरात तक्रार केली.

मेचा प्रश्न अजून बाकी आहे. मागच्या खोलीला पत्र्याचं छत आहे. भर दुपारी तिथला एसी सव्वीसवर लावला तरी तापमान तीसच्या खाली येत नाही, आणि कॉम्प्रेसर एकदाही थांबत नाही. न थांबणं हीच खूण, की यंत्र कमी पडतंय. तिथे पट्टी, पंखा आणि समजूतदारपणा यांचा उपयोग नाही. पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग आणि वरून पांढरा रंग लागेल. त्याचा खर्च संचालक मंडळापुढे मांडायचा म्हणून व्यवस्थापकांनी तीन दुपारचे आकडे लिहून ठेवले आहेत, आणि अर्जावर सह्या ताई आणि भाऊ दोघांच्याही आहेत.