दोन कॅलेंडर ठेवा, पण एका कामाची नोंद एकदाच!

"सर, धंद्याचं आणि घरचं कॅलेंडर एकमेकांत कॉपी कसं करायचं?" हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. माझं उत्तर काहींना आवडत नाही, तरी स्पष्ट सांगतो: कॉपी करूच नका. शेअर करा.

कारण एका उदाहरणातून बघू. केकच्या ऑर्डर घेणाऱ्या एक ताई वर्गात होत्या. धंद्यासाठी वेगळं गुगल अकाउंट, घरासाठी वेगळं. धंद्याचं कॅलेंडर त्यांची मदतनीसही बघायची. ताईंनी धंद्याचं कॅलेंडर एक्सपोर्ट केलं आणि ती फाइल घरच्या अकाउंटमध्ये इम्पोर्ट केली. झालं, सगळं दोन्हीकडे दिसायला लागलं!

पण इम्पोर्ट म्हणजे झेरॉक्स. मूळ कागदावर नंतर खाडाखोड केली, तर झेरॉक्स बदलत नाही. शनिवारची ११ ची डिलिव्हरी गिऱ्हाइकानं फोन करून ४ वर नेली. मोबाइलमध्ये ताईंना ती नोंद दोनदा दिसत होती. त्यांनी एक बदलली, आणि नेमकी ती घरची झेरॉक्स निघाली. मदतनिसाला धंद्याच्या कॅलेंडरवर ४ ची वेळ मोकळी दिसली आणि तिनं दुसरी ऑर्डर घेतली. शनिवारी ४ वाजता दोन पत्ते, गाडी एक.

यात चूक विसरभोळेपणाची नव्हती. एकाच कामाच्या दोन स्वतंत्र नोंदी होत्या, आणि खरी कुठली हे ठरलेलं नव्हतं. दोन्हीकडे आपोआप कॉपी करणारी ॲप्स असतात, पण तिथेही नोंदी दोनच राहतात. दोघांनी थोड्या अंतराने वेगवेगळा बदल केला, तर एकाचा बदल पुसला जाऊ शकतो.

मग करायचं काय? कॉम्प्युटरवर धंद्याच्या अकाउंटनं गुगल कॅलेंडर उघडा. डावीकडे कॅलेंडरच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन Settings and sharing निवडा. शेअरिंगच्या भागात तुमचा घरचा ईमेल टाका आणि परवानगी Make changes to events द्या. घरच्या ईमेलवर लिंक येईल, तिच्यावर क्लिक करून कॅलेंडर जोडा. आता घरच्या अकाउंटवरून वेळ बदलली, तरी बदल मूळ नोंदीतच होतो आणि मदतनिसालाही तोच दिसतो.

उलट दिशेनं घरचं कॅलेंडर धंद्याच्या अकाउंटला शेअर करा, पण परवानगी See only free/busy (hide details) एवढीच. मुलाची पालकसभा आहे की डॉक्टरची वेळ, हे मदतनिसाला कळणार नाही. ताई त्या वेळेला मोकळ्या नाहीत, एवढंच दिसेल.

यानंतर एक सवय लावावी लागते. नवी नोंद सेव्ह करण्याआधी ती कुठल्या कॅलेंडरमध्ये जातेय ते नाव बघा. घरच्या अकाउंटवरून ऑर्डर टाकली आणि नाव बदललं नाही, तर ती घरच्या कॅलेंडरमध्ये बसेल, आणि मदतनिसाला ऑर्डर न दिसता नुसतं "बिझी" दिसेल.

आता जुन्या डबल नोंदी. त्या खऱ्या डबल आहेत की एकच नोंद दोनदा दिसतेय, हे आधी तपासा. एकीची वेळ १५ मिनिटं पुढे करा आणि स्क्रीन रिफ्रेश करा. दोन्ही सरकल्या तर नोंद एकच आहे. मोबाइलवर दोन्ही अकाउंट असल्यामुळे तसं होऊ शकतं, एका अकाउंटखालची टिक काढा. एकच सरकली तर नोंदी दोन आहेत, आणि घरच्या कॅलेंडरमधली झेरॉक्स आहे. (तपासून झालं की वेळ परत पहिल्यासारखी करा, बरं का!) झेरॉक्स पुसण्याआधी तिच्यात केलेले बदल मूळ नोंदीत उतरवून घ्या. नोंदीत पाहुणे जोडलेले असतील तर जपून, पुसताना त्यांना रद्द झाल्याचा ईमेल जाऊ शकतो.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. नोकरी सांभाळून धंदा करत असाल, तर ऑफिसचं अकाउंट बाहेर शेअर करायला कंपनीची बंदी असू शकते. ऑफिसचं कॅलेंडर दुसऱ्या कंपनीचं असेल तर लिंकवरून ते गुगलमध्ये जोडता येतं, पण ते फक्त बघण्यापुरतं, आणि तिकडचा बदल इकडे दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे आज दुपारची मीटिंग सकाळी हलली, तर त्यावर विसंबून गिऱ्हाइकाला वेळ देऊ नका. मूळ कॅलेंडर उघडून बघा, मगच "येतो" म्हणा.