उत्तर आलं नाही, म्हणजे काय?
डिझाइन डॉक्युमेंट तपासायला आलं की मी आधी आकृतीतला एखादा बाण धरतो आणि विचारतो, हा मध्येच तुटला तर? ऑर्डर सर्व्हिस पेमेंट गेटवेला कॉल करते, तिथे बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: ‘अपयश आल्यास तीनदा रिट्राय’. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, हे इथे न लिहिता गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात टाइमआउट होतो तेव्हा गेटवेने पैसे कापलेलेही असू शकतात; फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असतं. मग रिट्राय केला की ग्राहकाचे पैसे दुसऱ्यांदा जातात. म्हणून प्रत्येक पेमेंटला एक आयडेम्पोटन्सी की हवी, आणि ती पहिल्या कॉलच्या आधीच डेटाबेसमध्ये नोंदलेली हवी, म्हणजे सर्व्हर मध्येच पडला तरी उठल्यावर तीच वापरता येते. गेटवे ती किती काळ लक्षात ठेवतो, हेही लिहायला हवं. 24 तासांनी ती विसरली जात असेल, तर परवाचा रिट्राय नवं पेमेंट ठरतो. पुढच्या पानावर असतं ‘स्केलसाठी काफ्का’. कशाच्या तुलनेत? सेकंदाला वीस ऑर्डरी असतील तर पोस्टग्रेसमधलं एक टेबल रांगेचं काम आरामात करतं. शिवाय ऑर्डर आणि तिचा संदेश एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता येतात, जे काफ्काला थेट पाठवताना मिळत नाही. काफ्का जरूर घ्या, पण कोणता पर्याय नाकारला आणि कोणत्या आकड्यामुळे, ते लिहा. त्याशिवाय तो भाग मंजूर करू नये.