पाऊस देवाचा, पैसे आयोजकाचे!

नवरात्र पंधरा दिवसांवर आली की बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत एकच आरोळी उठते. खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, प्रत्येकाच्या मोबाइलवर. 'शहरातला सर्वांत भव्य गरबा!' 'अर्ली बर्ड पास संपत आले!' 'शेवटची काही तिकिटे!' ही शेवटची काही तिकिटे तीन आठवडे शेवटचीच राहतात, हा चमत्कार आम्ही दरवर्षी पाहतो. आरोळी मोठ्या अक्षरांत असते. तिच्याखाली बारीक टायपात नियम व अटी असतात. त्या कोणी वाचत नाही, आणि वाचू नयेत याची तजवीज करूनच त्या छापलेल्या असतात. आम्ही त्या वाचल्या, आणि आमच्या तळपायाची आग मस्तकात गेली!

सर्वांत निलाजरी अट पावसाची. मसुदा बहुतेक ठिकाणी सारखाच, एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवलेला: पाऊस, वादळ किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीमुळे कार्यक्रम रद्द झाला, थांबला वा लांबला, तर आयोजक जबाबदार राहणार नाहीत आणि तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. कारण काय, तर हा म्हणे दैवी कोप! मनुष्याच्या हातात नसलेली, आधी कळूच न शकणारी गोष्ट!

आधी कळूच न शकणारी? अहो, आमच्या आज्यांना कळत होती! नवरात्रात पाटावर हत्ती काढून पोरी त्याच्याभोवती फेर धरतात, तो हत्ती हस्त नक्षत्राचा. सूर्य 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो आणि हत्तीचा पाऊस कोसळतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पंचांगावर विश्वास नसेल तर हवामान खात्याचे ऐका. या खात्याने 2020 साली मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या आणि मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर ठरवली. आता नवरात्र पाहा. 2022 साली घटस्थापना 26 सप्टेंबरला होती, 2024 साली 3 ऑक्टोबरला, 2025 साली 22 सप्टेंबरला. म्हणजे ज्या नऊ रात्री तुम्ही उघड्या मैदानाची तिकिटे विकलीत, त्या सगळ्या किंवा त्यांतल्या बऱ्याचशा रात्री पावसाळ्यातल्याच होत्या. 2025 साली सप्टेंबरअखेर मुंबईत जो पाऊस झोडपून गेला, त्यात कोप कसला? ते वेळापत्रक होते! भर पावसाळ्यात छप्पर न घालता धंदा मांडायचा, पैसे महिनाभर आधी गोळा करायचे आणि सर आली की आभाळाकडे बोट दाखवून हात झटकायचे, हा बनेलपणा आहे.

आयोजकाची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. गायकाची आगाऊ रक्कम, मंडप, ध्वनी, जनरेटर, मैदानाचे भाडे, सगळे आधी मोजावे लागते आणि पावसाने ते परत मिळत नाही. खरे आहे. पण मग हा धोका कोणी उचलायचा? ज्याने तारीख ठरवली, मैदान निवडले, पत्र्याचे छत घालायचे की नाही हे ठरवले आणि नफाही ज्याच्या खिशात जाणार आहे, त्याने! कार्यक्रम रद्द झाल्यास नुकसान भरून देणारा विमा बाजारात मिळतो. तो काढा, नाहीतर एक राखीव रात्र ठेवा. हप्ता वाचवायचा म्हणून चार हजार पास काढणाऱ्यांनाच विनामोबदला विमा कंपनी करून टाकायचे, ही कुठली रीत?

कायदाही या अटीच्या बाजूने नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 56 नुसार कराराची पूर्तता अशक्य झाली तर करार निरर्थक होतो, आणि कलम 65 सांगते की अशा करारातून ज्याला लाभ मिळाला असेल त्याने तो परत करावा. म्हणजे पाऊस खरोखरच अकल्पित होता असे क्षणभर मानले, तरी पैसे गिळण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. उलट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संकल्पनाच आणली, आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट तिच्यात बसते. सदोष सेवा देऊन पैसे परत करायला नकार देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायचे असतात. 'परतावा नाही' ही अट छापली म्हणून हा कायदा काही रद्द होत नाही!

पावसाचे झाले. आता कोरड्या रात्रीचा हिशेब घ्या. समजा, चौघांचे एक कुटुंब आहे. पास 800 रुपयांचा. अशा कार्यक्रमाचे प्रवेशमूल्य 500 रुपयांच्या वर गेले की 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून दर माणशी 944. त्यावर सुविधा शुल्क, धरा 60 रुपये आणि त्यावरचा कर. चौघांचे 4,059 रुपये झाले. हे शुल्क शेवटच्या पडद्यावर, पैसे भरण्याच्या क्षणी उगवते. किंमत अशी थेंबाथेंबाने उघड करणे, खोटी घाई लावणे, या क्लृप्त्यांवर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून बंदी घातली आहे. पासांच्या बाजारात ती कोणी वाचल्याची खूण दिसत नाही.

बरे, एवढे मोजून मिळते काय? पासवर लिहिलेले असते 'सायंकाळी 7 पासून'. शेवट कधी, ते कधीच लिहिलेले नसते. का नसते ते आम्ही सांगतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, आणि नवरात्राच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच रात्री येतात. कोणत्या, ते आधी जाहीर झालेले असते. म्हणजे पास विकताना आयोजकाला पक्के माहीत असते की पहिल्या काही रात्री दहाला वायर ओढावी लागणार. तरी गायक साडेआठला उगवतो. मधल्या दीड तासात प्रायोजकांच्या जाहिराती, नगरसेवकांचे सत्कार आणि आमदारसाहेबांचे आगमन. उरली नव्वद मिनिटे. 944 रुपयांना नव्वद मिनिटे, मिनिटाला साडेदहा रुपये! आणि पोलीस दहाला आले की हाच आयोजक व्यासपीठावरून पोलिसांच्या नावाने खडे फोडतो. चोराच्या उलट्या बोंबा!

पैसे मागायला गेलात तर 'कर सरकारकडे भरला, तो आम्ही कुठून देणार' अशी मखलाशी ऐकायला मिळते. धादांत खोटे. सेवा दिली गेली नाही तर विक्रेत्याला जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली क्रेडिट नोट काढून भरलेला कर समायोजित करता येतो, आणि त्यासाठी त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो. आयोजकाच्या सनदी लेखापालाला हे पाठ असते. फक्त खिडकीवरच्या पोराला ते सांगितलेले नसते.

पोशाखाच्या नियमाला आमचा विरोध नाही. चनिया-चोळी, केडियू, कुर्ता-पायजमा घालून या म्हटले तर त्यात वावगे काय? गरब्याची शोभाच ती आहे. पण 'पारंपरिक वेश बंधनकारक' एवढ्या तीन शब्दांत काय बसते आणि काय बसत नाही, हे कोण ठरवणार? फाटकावरचा बाउन्सर! कुर्त्याखाली जीन्स घातलेला पोरगा रांगेत अर्धा तास उभा राहतो, त्याचा क्यूआर कोड आधी स्कॅन होतो आणि मग दोन पावले पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या बाउन्सरची नजर त्याच्या पायांवर जाते. 'बदलून या.' बदलून आला की यंत्र सांगते, हा पास वापरून झाला आहे, आणि बाहेर गेलेल्याला पुन्हा प्रवेश नाही हा नियम पासच्या मागे छापलेलाच असतो. आधी कपडे पाहा, मग स्कॅन करा, इतका साधा क्रम पाळता येत नाही का? येतो. पाळायचा नसतो.

'प्रवेशाचे सर्व हक्क राखीव' ही ओळ तर सर्रास असते. अलीकडे तिच्या आडून आधार कार्ड पाहून, धर्म पाहून माणसे परत पाठवण्याच्या हाका उघडपणे दिल्या जातात. पैसे घेऊन सर्वांना खुला केलेला कार्यक्रम हे सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण आहे. केवळ धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून नागरिकाला अशा ठिकाणी अडवता येत नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये लिहिले आहे. आयोजकाच्या पासवरची ओळ त्याच्या वर नाही!

पार्किंगची अट मात्र दोन वाक्यांत निकालात निघते. गाडी तुम्हीच लावून किल्ली खिशात टाकलीत तर 'मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी काही अंशी टिकेल. पण किल्ली वॅलेच्या हातात दिलीत तर ताबा त्यांचा झाला. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलातून चोरीला गेलेल्या मोटारीच्या खटल्यात स्पष्ट केले की असली पाटी लावून निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही.

या सगळ्यावर ग्राहक काय करतो? मुकाट्याने सोसतो, किंवा स्वस्तातल्या वाटा शोधतो आणि त्यात आणखी नागवला जातो. 2023 साली बोरिवलीत फाल्गुनी पाठक यांच्या कार्यक्रमाचे पास स्वस्तात देतो, असे सांगून दीडशेहून अधिक तरुणांचे पैसे उकळले गेले. दोष भामट्यांचा, यात वाद नाही. पण पासच्या किमती आभाळाला भिडवून हा काळा बाजार कोणी पोसला?

वाचकहो, सोसू नका! पास काढाल त्याच क्षणी अटींचा आणि जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, कारण भांडण सुरू झाले की संकेतस्थळावरचा मजकूर रातोरात बदलतो. आधी लेखी मागणी करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे. एक खुबी लक्षात ठेवा. 'अनुचित करार' म्हणून दाद मागायची तर राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. तीच तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून मांडली की जिल्हा आयोगालाच ती ऐकावी लागते.

आणि महापालिकेच्या, पोलिसांच्या साहेबांना आमचा सवाल: मैदान जनतेचे, परवाना तुमचा, मग अटी आयोजकाच्या एकट्याच्या का? मैदान देताना अग्निशमनाचा दाखला मागता, अनामत रक्कम घेता, खड्डे बुजवायची हमी लिहून घेता. त्याच कागदावर आणखी तीन ओळी घाला. कार्यक्रम संपण्याची वेळ पासवर छापीन. रात्र बुडाली तर करासह पूर्ण रक्कम तीस दिवसांत परत करीन. न केल्यास अनामतीतून ती वळती करावी. ज्याला हे मान्य नाही त्याने स्वतःच्या अंगणात गरबा भरवावा, आणि तिथे लागेल तेवढा पास लावावा!