एक जूनचे वाढदिवस

एक जूनला आपल्याकडच्या फोनना उसंत नसते. पाटोदा असो, माजलगाव असो की खुद्द बीड शहर, चाळिशीच्या पुढच्या माणसांचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला तर त्यावर हीच तारीख फार वेळा सापडते. कारण सर्वांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल दाखल करायला आलेल्या आई-बापांना इंग्रजी तारीख सांगता यायची नाही, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे व्हायचे. अम्मीला दिवस पक्का आठवायचा, पण तो "शबे-बरातच्या दुसऱ्या दिवशी" किंवा "मोहर्रमचा चांद दिसला त्या रात्री" असा. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

सरकारी नियम असा की ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून एक जूनवाले शिक्षक ३१ मे रोजी अठ्ठावन्न पूर्ण करून घरी येतात, आणि वाढदिवस उजाडतो तो नोकरी नसलेल्या पहिल्या सकाळी. आमचे एक ज्येष्ठ सहकारी २०२५ साली असेच निवृत्त झाले. तीस-बत्तीस वर्षं उर्दू शाळेत काढलेला माणूस. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी फोन आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघा, किती मुबारकबाद आल्या."

साठ-सत्तर तरी असतील. गुलाबाचे गुच्छ, मेणबत्त्यांचा केक, फुगे, झगमगणारी अक्षरं. त्या साली बकरीद ७ जूनला होती, म्हणून ईदसाठी फिरू लागलेली चित्रंही त्यातच: हिलाल, मिनार, कंदील, आणि मोठ्या अक्षरात फक्त "मुबारक". एका चित्राच्या कोपऱ्यात कुण्या भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो होता, खाली शुभेच्छुक म्हणून आणखी चार नावं. सरांना त्यातलं एकही ठाऊक नव्हतं. एकच गुलाब पाच जणांकडून आला होता. सरांनी प्रत्येकाला अंगठा दाखवला होता. दुसरं करणार तरी काय?

मग त्यांनी एक संदेश उघडून दाखवला. त्यातही चित्र होतं, तोच केक. पण वर दोन ओळी होत्या. पुण्याला गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं: "सर, पाचवीत असताना दिवाळीनंतर अम्मी-अब्बू कोयत्याला निघाले, तेव्हा मला नानीकडे ठेवा म्हणून सांगायला तुम्ही घरी आला होता. आता शाळा उघडली की सकाळी तुम्हाला करमणार नाही. मी बकरीदला गावी येतोय, घरी येऊ का?"

सरांनी त्याला मोठं उत्तर लिहिलं होतं. गाडी कुठून बदलायची तेही. नानी हयात आहे का, हेही विचारलं होतं.

केक दोन्हीकडे तोच होता. फरक कशाने पडला हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुष्कळ लोक चित्रालाच दोष देतात. "आजकाल मनापासून कोणी काही पाठवत नाही," म्हणतात. पाठवणाऱ्याच्या मनात काही नसतं असं आम्हाला वाटत नाही. ज्याने सकाळी सहाला गुलाब पाठवला, त्याला सरांची आठवण आली होतीच. पण चित्रात ती आठवण कुठेच दिसत नाही. ते चित्र सरांसाठी बनलेलं नाही आणि पाठवणाऱ्याने बनवलेलंही नाही. ते ज्याला मिळतं त्याला हे दोन्ही कळतं.

व्हॉट्सअॅप तर ते लिहूनच दाखवतं. जुलै २०१८ पासून दुसरीकडून आलेला संदेश पुढे ढकलला की त्यावर बाण आणि Forwarded ही अक्षरं येतात. पाच किंवा जास्त हातांतून आलेलं असेल तर दोन बाण येतात आणि Forwarded many times असं दिसतं. हे अफवा ओळखता याव्यात म्हणून केलेलं होतं; पण वाढदिवसाच्या गुलाबावरही तोच शिक्का पडतो. सरांच्या फोनवरच्या पाचही गुलाबांवर दोन-दोन बाण होते. चित्र आधी फोनमध्ये जतन करून मग पाठवलं तर शिक्का दिसत नाही, ही युक्ती पोरांना माहीत आहे. पण शिक्का गेला म्हणून चित्र सरांचं होत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. नुसतं चित्र आलं की फोनच्या यादीत नावाखाली फक्त Photo असं दिसतं. नेट कमी असलं किंवा चित्रं आपोआप उतरवणं बंद ठेवलेलं असलं, तर उघडल्यावरही धुरकट चौकोन दिसतो आणि त्यावर दाबावं लागतं. लिहिलेली ओळ मात्र यादीतच वाचता येते. शेतात किंवा बाजारात उभ्या असलेल्या माणसाला आधी ओळ भेटते, चित्र नंतर. म्हणून चित्र पाठवायचंच असेल तर ओळी त्याच्याखालच्या रकान्यात लिहाव्यात, किंवा आधी ओळी पाठवून मग चित्र.

हा प्रश्न फोनबरोबर आला असंही नाही. उर्दू खतांमध्ये पूर्वी अल्काब-ओ-आदाब असायचे, म्हणजे नावाआधी लावायच्या लांबलचक पदव्या आणि ठरलेली नम्र वाक्यं. कुणाचंही खत कुणालाही चाललं असतं. गालिबने ते बाजूला सारलं. मित्र समोर बसलेला आहे अशा थाटात तो सरळ बोलायला लागायचा: पाऊस कसा पडतोय, घर कसं गळतंय, तुझं खत का आलं नाही. खताचं त्याने संभाषण करून टाकलं, असं तो स्वतःच म्हणत असे. छापील ईद कार्डांच्या काळातही हेच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर विलायती चित्रांच्या कार्डांवर वरून "ईद मुबारक" छापून ती विकली जात. चित्राचा ईदशी काही संबंध नसे, आणि कोणाला त्याचं वावगंही वाटत नसे, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर मामूंच्या हाताने काहीतरी लिहिलेलं असायचं. फोनवरच्या चित्राला ती मागची बाजू नाही. दोन ओळी म्हणजे ती मागची बाजू.

आता त्या दोन ओळींत काय असावं. विद्यार्थ्याच्याच ओळी पुन्हा पाहू. पहिलीत एक घटना आहे, जी दुसऱ्या कोणत्याही सरांना लागू होत नाही. "तुम्ही आमच्यासाठी खूप केलं" असं त्याने लिहिलं असतं तर ते खरंच असतं, पण तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना चाललं असतं. दुसऱ्या ओळीत सरांचा आजचा दिवस आहे. निवृत्तीनंतरची सकाळ कशी जाईल याचा त्याने विचार केला, आणि शेवटी एक प्रश्न विचारला. प्रश्नाला अंगठा दाखवून भागत नाही, उत्तर द्यावं लागतं. सलामाचं उत्तर त्याहून चांगलं द्यावं, नाहीतर निदान तितकं तरी, असं सूरह निसामध्ये शिकवलं आहे. नुसत्या गुलाबाला गुलाबच परत जातो. अशा ओळीला त्याहून चांगलं उत्तर देता येतं.

पारख सोपी आहे. लिहून झालं की नाव बदलून पाहावं. "खाला, अल्लाह तुम्हाला सेहत आणि लांब उम्र देवो" यातली खाला काढून फुफू घातली तरी चालतं, म्हणजे दुआ चांगली, पण ओळ अजून खालाची झाली नाही. "खाला, गुडघ्याचं दुखणं कमी होऊन या रमजानमध्ये तुम्हाला उभं राहून तरावीह पढता यावी, हीच दुआ" असं लिहिलं की फुफूला ते पाठवताच येत नाही. शब्द सहा-सातच वाढले. खालाच्या गुडघ्याची खबर मात्र आधी ठेवलेली असावी लागते, आणि हीच खरी अडचण आहे. ज्याची काही खबरच आपल्याकडे नाही, त्याला ओळ सुचत नाही आणि ओढून-ताणून लिहूही नये. त्याचं नाव घेऊन नुसती दुआ दिली तरी पुरे, चित्राचीही गरज नाही.

वाढदिवस साजरा करावा की नाही यावर आपल्या घरांमध्ये दोन मतं आहेत, ते उलेमांवर सोडू. दुआ देण्याला आणि खैरियत विचारण्याला दोन्ही बाजूंची हरकत नाही. ज्या घरात केकाचं चित्र खटकतं, तिथे नुसत्या ओळीच पाठवाव्यात.

काही जागा सांभाळायच्या असतात. खालाच्या गुडघ्याची ओळ खालालाच जावी, खानदानाच्या ग्रुपवर नाही. तिथे चाळीस जण वाचतात, आणि खालाला ते आवडेलच असं नाही. लग्न न झालेल्या मुलीला वय, नोकरी शोधणाऱ्या पोराला नोकरी, हे विषय दुआच्या नावाखालीसुद्धा काढू नयेत. ज्या घरात नुकतीच मैयत झाली आहे, तिथे फुगे-केक अजिबात नकोत. आणि ग्रुपवर एकाने सुंदर ओळ लिहिली की बाकीचे तीच उतरवून टाकतात. तिसऱ्या वेळेला ती ओळही गुलाबासारखीच होते.

आमच्या या सरांचा खरा दिवस, त्यांच्या अम्मीच्या हिशेबाने, शबे-बरातच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे शाबानची पंधरा. चांदाच्या हिशेबामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. ज्यांच्या दाखल्यावर एक जून आहे त्यांच्या अम्मीला, ती हयात असेल तर, एकदा विचारून ठेवायला हरकत नाही. त्या दिवशी एकही गुलाब येत नाही, आलीच तर एखादीच ओळ येते.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्या दादी-नानीसाठी लिहिण्याचा खटाटोप कशाला? व्हॉट्सअॅपवर माइकचं बटण दाबून पंधरा सेकंद आपल्या घरच्या दखनीत बोलावं. आधी सलाम, मग आपलं नाव, कारण आवाज नेहमी ओळखू येतोच असं नाही, मग ती एक गोष्ट, मग दुआ मागावी. देण्यापेक्षा मागितलेली त्यांना जास्त आवडते. मागे पंखा किंवा टीव्ही चालू असेल तर बंद करावा. नातवंडाला बोलायला लावायचं असेल तर दादीला काय म्हणतोस एवढंच विचारून फोन त्याच्यासमोर धरावा, शिकवून बोलवू नये. दादी तो आवाज शेजारणीला चार वेळा ऐकवते, पाचव्यांदा तिला तो सापडत नाही, आणि मग ती आपल्याला फोन करते.