आजीच्या हातची लेस

परवा आईची जुनी ट्रंक उघडली. निमित्त भाचीच्या लग्नाचं. तिला ब्लाउजच्या बाह्यांना "आजीच्या हातची" लेस लावून हवी होती. ट्रंकेत दोनच उमेदवार निघाले. एक आजीचा पांढरा परकर, खाली चांगली तीन बोटं रुंद फुलांची लेस असलेला. दुसरं एक पिवळं पडलेलं झबलं, गळ्याला आणि बाह्यांना करंगळीएवढी बारीक लेस. आत्या म्हणाली, "परकराचीच काढ. ती आईनं स्वतः विणली होती, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. झबल्याची तर मशीनची दिसून राहिली, इतकी सारखी!" आणि झबलं बाजूला, जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर गेलं.

मला क्रोशाचं थोडंफार येतं. गोंदियात आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी घरोघरी तेच चालायचं. म्हणून कात्री चालवायच्या आधी म्हटलं, नीट बघू तरी. भिंग घेतलं आणि खिडकीत जाऊन बसले.

तर मंडळी, जुन्या कपड्यावरची लेस हातची की मशीनची, हे ओळखायला आपण सगळेच आधी सारखेपणा बघतो. वाकडंतिकडं म्हणजे हातचं, एकसारखं म्हणजे मशीनचं. माझं मत असं की सगळ्यात जास्त फसवते ती हीच खूण. ज्या बाईनं वर्षानुवर्षं क्रोशा चालवला, तिचा धाग्यावरचा ताण इतका बसलेला असतो की एक कंगोरा दुसऱ्यावर ठेवला तर फरक सापडत नाही. कोणत्या प्रकारची चूक आहे, हे बघणं जास्त उपयोगाचं. हाताची चूक एकदा होते, फार तर दोनदा, आणि कुठेही होते. मशीनची चूक नमुन्यातच बसलेली असली की ठरलेल्या अंतरावर परत परत येते.

परकराच्या फुलांना पाच पाकळ्या. डावीकडची खालची पाकळी जरा आखूड. पुढच्या फुलातही तीच आखूड आणि तेवढीच. पट्टी लावून आठ फुलं मोजली, आठांतही तेच. झबल्याच्या लेसेत मात्र प्रत्येक कंगोऱ्यात पाच खांब, आणि गळ्याच्या मागे, बटणाजवळच्या एकाच कंगोऱ्यात चार. क्रोशा करणाऱ्यांना कळेल तिनं काय केलं ते. गळ्याचा घेर संपत आला, पूर्ण कंगोरा बसेना, म्हणून एक खांब कमी करून जागेत बसवला. मशीन असं करत नाही. मशीनची लेस लांबच लांब येते आणि शिवणारा ती हवी तिथे कापतो.

आता धागा. आत्याचं म्हणणं, "सुती आहे ना, मग हातचीच." सुती-नायलॉन ओळखायला शिवणीच्या आतला एक सुटा तंतू चिमट्यात धरून बशीवर जाळला. जळक्या कागदाचा वास आणि चिमटीत चुरा होणारी राख आली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. (कपडा जाळू नका हो, तंतूच!) दोन्ही लेसा सुती निघाल्या. म्हणजे या परीक्षेनं काहीच ठरलं नाही, कारण जुनी मशीनची लेसही सुताचीच असे. उलट आजच्या बायका सर्रास पॉलिएस्टरच्या धाग्यानं हातानं विणतात.

धागा कशाचा यापेक्षा धागे किती, हे विचारावं. क्रोशाची लेस सगळी एका धाग्याची. साखळी घ्या, मुका खांब घ्या, खांब घ्या, तोच एक घट्ट पिळाचा गोल धागा स्वतःतूनच फासे काढत पुढे जातो. झबल्याच्या लेसेत भिंगाखाली तो एका कंगोऱ्यातून दुसऱ्यात जाताना सलग दिसत होता. परकराची लेस शिवणीत जिथे कापली होती, तिथे टोकं मोजायला घेतली आणि वीसच्या पुढे नाद सोडला. बारीक बारीक धागे वेणीसारखे एकमेकांना तिरपे ओलांडत चाललेले, फासा एकही नाही. म्हणजे ती क्रोशाची नव्हतीच. अनेक टोकं म्हणजे मशीनच, असं मात्र लगेच म्हणू नये. नागरकोईलकडे मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात बॉबिनची लेस शिकवली. ती हाताचीच, आणि तिच्यातही पुष्कळ धागे असतात. आमच्या घरात ते काम कोणाला येत नव्हतं, एवढं खरं.

शेवटी गाठी. मी सगळ्यात जास्त भरवसा गाठींवर ठेवते. हातच्या कामाला सुरुवात असते, शेवट असतो आणि मध्ये कुठेतरी गोळा संपतो. झबल्याच्या उजव्या बाहीवर उलट्या बाजूला एक इवलीशी गाठ होती आणि तिची टोकं पुढच्या खांबांखाली दडवलेली. शेवटचा फासा ओढून घेऊन टोक सुईनं आत घातलेलं. परकराच्या लेसेत सुरुवात-शेवट काहीच नव्हतं. जोडावर अर्धं फूल कापलेलं, दुसऱ्या अर्ध्यावर चढवून टीप मारलेली. विणणारी बाई आपलं फूल मधोमध कापेल का हो?

म्हणजे निकाल उलटा लागला. परकराची लेस विकतची, झबल्याची हातची. आत्याचा चेहरा पडला. "मग मी काय खोटं बोलते?" मला वाईट वाटलं, म्हणून परकराचा सगळा घेर पुन्हा हातात फिरवला. मागच्या बाजूला, पायात अडकून फाटते ना नेमकी तिथे, तीन फुलं वेगळी होती. जाड धाग्याची आणि क्रोशाची! विकतच्या नमुन्याकडे बघत बघत कोणीतरी पाच पाकळ्या जुळवल्या होत्या आणि आखूड पाकळीसुद्धा तशीच आखूड केली होती. आत्यानं लहानपणी पाहिलं ते हेच असणार. परकर मांडीवर घेऊन विणत बसलेली आई.

एक गोष्ट मात्र या तिन्ही खुणा सांगत नाहीत. लेस हातची हे कळतं, पण कोणाच्या हातची हे नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका कितीतरी पिढ्या घरी बसून नगावर क्रोशाची लेस विणतात आणि व्यापारी ती लांब लांब विकतात. मारिया मीस यांनी 1982 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. या बायका दिवसाचे कित्येक तास विणत आणि तरी तो उद्योग "फावल्या वेळचा" म्हणून गणला जाई, हे त्यात दाखवलं आहे. बाजारात घेतलेली हातची लेस अशाच कोणा बाईची असते. झबल्याची आजीचीच म्हणते, ती गळ्याच्या त्या चार खांबांवरून. त्या गळ्याच्या मापानं ती त्या कपड्यावरच विणली आहे.

झबल्याची लेस काढायची नाही असं मी ठरवलं. ती कडेच्या कापडातूनच विणत नेली आहे, उसवली तर फासे सुटत जातील. भाचीच्या बाह्यांना परकराची लेस लागेल, आणि एका बाहीवर ती तीन फुलं वरच्या बाजूला येतील अशी. आत्यानं शिंप्याला स्वतः बजावलं, "हे तीन कापशील तर बघ!"

झबलं गठ्ठ्यावरून परत ट्रंकेत गेलं. तुमच्याही घरी असा गठ्ठा देऊन टाकायला काढला असेल, तर आधी कपडे उलटे करून गाठी तेवढ्या बघा.